एक विद्यार्थी, एक लिंक : ऑनलाइन बॅचमध्ये बाहेरचे घुसू नयेत म्हणून खर्च किती, वेळ किती?

पोलीस भरती, तलाठी, टीईटी, स्कॉलरशिप किंवा दहावीचं गणित, विषय कोणताही असो, तुम्ही पैसे घेऊन ऑनलाइन बॅच चालवत असाल आणि रोज संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच लिंक टाकत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ती लिंक ग्रुपबाहेर जाते. मित्राला जाते, चुलतभावाला जाते, कधी दुसऱ्या क्लासच्या ग्रुपवरही जाते. फी भरली ८५ जणांनी आणि स्क्रीनवर आकडा ९६, असं दिसायला लागलं की उपाय एकच : प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची स्वतःची वेगळी लिंक द्यायची.

हे काम कठीण नाही. महागही नाही. पण त्यात दोन-तीन अशा जागा आहेत जिथे एक खूण चुकली की सगळी मेहनत वाया जाते, आणि ‘सेटअप करून देतो’ म्हणणारे नेमकं त्याच जागी पैसे मागतात. म्हणून क्रमानं बघू. उदाहरणाला एकच बॅच घेऊ : माजलगावचा एक क्लास, भरतीची ऑनलाइन बॅच, ८५ विद्यार्थी, महिना फी ५०० रुपये, वेळ संध्याकाळी ७ ते ८.३०. मुलं माजलगावची, वडवणीची, धारूरची, काही गेवराईची. क्लास काल्पनिक आहे, हिशेब मात्र तुमच्या बॅचला जसाच्या तसा लावता येईल.

पासवर्ड आहे, मग बाहेरचा येतो कसा?

पहिला गैरसमज हा. ‘आमच्या मीटिंगला पासकोड आहे’ असं अनेक सर सांगतात. पासकोड असतोच, पण तो लिंकमध्येच गुंडाळलेला असतो. तुम्ही ग्रुपवर टाकता ती झूमची नेहमीची लिंक आणि प्रत्येकासाठी तयार झालेली स्वतंत्र लिंक यांतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो :

```
https://us02web.zoom.us/j/83012345678?pwd=...
https://us02web.zoom.us/w/83012345678?tk=...
```

वरच्या लिंकमध्ये `pwd=` च्या पुढे पासकोडच आहे. ती ज्याच्या हाती लागेल त्याला काही टाइप करावं लागत नाही, बोट लावलं की आत. खालच्या लिंकमध्ये `/w/` आहे आणि `tk=` च्या पुढची लांबलचक अक्षरं प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी असतात. दोन विद्यार्थ्यांच्या लिंका शेजारी ठेवून बघा. `tk=` च्या पुढे त्या सारख्याच दिसल्या तर तुम्ही सगळ्यांना एकाचीच लिंक वाटली आहे.

कोणता प्लॅन लागेल, किती पैसे?

झूमच्या मोफत खात्यात हे जमत नाही. मोफत खात्यात १०० जण आणि ४० मिनिटं मिळतात, पण नाव नोंदवून स्वतंत्र लिंक देण्याची सोय नसते. त्यासाठी किमान प्रो प्लॅन हवा. तो एकाच माणसाच्या नावावर घ्यायचा, म्हणजे जो मीटिंग सुरू करतो त्याच्या. शिकवणारे तीन सर असले तरी एका वेळी एकच वर्ग चालत असेल तर एकच परवाना पुरतो. ‘तीन सर, तीन परवाने’ असं कुणी सांगितलं तर आधी वेळापत्रक बघा.

महिन्याचा दर साधारण हजार ते दीड हजार रुपयांच्या घरात असतो. तो बदलत राहतो, त्यामुळे पैसे भरण्याच्या पानावर दिसतो तोच खरा माना. जाहिरातीत दिसणाऱ्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. उदाहरणापुरता दर १,३०० धरला तर जीएसटी २३४, एकूण १,५३४ रुपये. ८५ विद्यार्थ्यांत वाटला तर डोक्यामागे महिना १८ रुपये. उलट बाजूचा हिशेबही मांडा : फुकट बसणारे ११ जण गुणिले ५०० म्हणजे महिन्याला ५,५०० रुपये. अर्थात ते अकराही जण फी भरतीलच असं नाही. चार जणांनी भरली तरी प्लॅनचा खर्च निघून वर पैसे उरतात.

वर्षाचा प्लॅन घेतला की महिन्याचा दर कमी दिसतो, पण पैसे एकदम भरावे लागतात आणि मधेच बंद केलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. भरतीची जाहिरात निघाली की बॅच भरते आणि परीक्षा झाली की ओस पडते, असं तुमचं असेल तर महिन्याचाच घ्या.

छुपा खर्च इथे आहे : प्लॅनचं नूतनीकरण आपोआप होतं. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा पुनरावृत्ती कपातीला दर वेळी ओटीपी विचारला जात नाही. बँकेकडून कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण ती रोजच्या मेसेजच्या गर्दीत हरवते. बॅच संपली त्याच दिवशी खात्यात जाऊन नूतनीकरण रद्द करा. रद्द केलं तरी भरलेला महिना संपेपर्यंत प्लॅन चालतो. आणि प्लॅन क्लासच्या ईमेलवर, क्लासच्या कार्डावर घ्या. ‘मी माझ्या खात्यातून देतो, तुम्ही मला महिन्याला पैसे द्या’ म्हणणाऱ्याच्या खात्यावर बॅच चालवलीत तर विद्यार्थ्यांची सगळी यादी त्याच्याकडे राहते. तो उद्या दुसऱ्या क्लासला गेला की यादीही गेली.

प्रोमध्ये शिरगणती १०० वरच थांबते, आणि त्या शंभरात तुम्हीही आलात. म्हणजे ९६ जण बसले असताना आणखी पाच बाहेरचे घुसले तर फी भरलेलाच कुणीतरी बाहेर राहतो. त्याला ‘मीटिंग भरली’ असं दिसतं आणि तो तुम्हाला फोन करतो. बॅच शंभराच्या वर जात असेल तर जास्त क्षमतेचं जोडपॅक विकत घेण्याआधी दोन बॅच पाडता येतात का ते बघा. जोडपॅक महाग पडतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : लिंकमागे झूम एक पैसाही घेत नाही. ८५ लिंका तयार झाल्या काय आणि ९५ झाल्या काय, प्लॅन तोच. ‘प्रति विद्यार्थी दहा रुपयांत युनिक लिंक’ असं कुणी विकत असेल तर तो तुमच्याच प्लॅनमधली सोय तुम्हालाच विकतोय.

सेटिंग : चुकतं ते इथेच

हे मोबाइल ॲपवरून करत बसू नका. संगणकावर किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये झूमच्या संकेतस्थळावर लॉगिन करा. स्वतःचा संगणक नसेल तर शेजारच्या ई-सेवा केंद्रात बसून करता येईल, पण काम झालं की लॉगआउट करा आणि पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू देऊ नका.

नवी मीटिंग शेड्यूल करताना Registration च्या पुढे Required वर खूण करायची. ही खूण दिसतच नसेल तर कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. एक तर तुम्ही स्वतःचा कायमचा मीटिंग नंबर वापरताय. त्यावर नोंदणी चालत नाही, नंबर आपोआप तयार होऊ द्या. नाही तर मीटिंग ‘ठरलेली वेळ नाही’ या प्रकारची पुनरावृत्त ठेवली आहे. त्यावरही चालत नाही. रोज ७ वाजता, अमुक तारखेपर्यंत, असं नीट भरा.

रोजचा वर्ग असेल तर पुढे तीन पर्याय येतात. त्यातला पहिला निवडा : विद्यार्थी एकदा नोंदणी करतो आणि त्याच लिंकवर सगळे दिवस येतो. दुसरा पर्याय निवडलात तर मुलाला रोज नव्यानं नोंदणी करावी लागते. दोन दिवसांत अर्धी बॅच तुमच्या नावानं बोटं मोडेल.

मीटिंग सेव्ह केली की नोंदणीचे पर्याय उघडा. सगळा खेळ इथल्या दोन खुणांवर आहे.

पहिली, Approval. तिथे Automatically Approve आधीच निवडलेलं असतं. ते तसंच राहू दिलं तर काय होतं बघा. तुम्ही ग्रुपवर नोंदणीचा दुवा टाकता. तो दुवा बाहेर जातो. बाहेरचा मुलगा त्यावर स्वतःचं नाव, स्वतःचा ईमेल भरतो आणि झूम त्याला त्याची स्वतःची, अगदी अस्सल स्वतंत्र लिंक पाठवून देतं. म्हणजे लिंका वेगवेगळ्या झाल्या, पण आत येणारे तेच. ‘युनिक लिंक करूनही माणसं घुसतात’ अशी तक्रार ऐकू आली की मी आधी हीच खूण बघायला सांगतो. Manually Approve करा. मग तुम्ही नाव मंजूर केल्याशिवाय कुणाला लिंक जात नाही.

दुसरी, Allow attendees to join from multiple devices. ही खूण काढून टाका. मग एक लिंक एका वेळी एकाच उपकरणावर चालते. वडील घरी आले, त्यांचा फोन मोकळा झाला आणि मुलगा मोठ्या स्क्रीनवर गेला, तर त्याला पहिल्या फोनवरून बाहेर पडून दुसऱ्यावर यावं लागेल. एवढी तोशीस मुलांना आधी सांगून ठेवा. नाही तर पहिल्याच दिवशी ‘सर, लिंक चालत नाही’ चा पाऊस पडतो.

मुलांकडून काय मागायचं?

पूर्ण नाव, पावतीवर आहे तसंच. स्वतःचा जीमेल. आणि फीच्या पावतीचा नंबर. नोंदणी फॉर्ममध्ये स्वतःचा प्रश्न घालण्याची सोय असते. तिथे ‘पावती क्रमांक’ घाला आणि तो सक्तीचा करा. हे एकच काम केलंत तर मंजुरीचं काम अर्ध्यावर येतं, कारण पावतीपुस्तक समोर ठेवून नंबर जुळवत जायचं. जुळला की मंजूर. नाही जुळला की फोन. एकच पावती क्रमांक दोन नावांवर आला तर दोन्ही थांबवा.

आधार कार्ड मागू नका. त्याचा इथे काही उपयोग नाही आणि अठराच्या आतल्या मुलांची कागदपत्रं सांभाळण्याची जोखीम विनाकारण तुमच्या डोक्यावर येते. व्हॉट्सॲपवर आधारचे फोटो मागवणारे क्लास आहेत. ती सवय मोडा.

वेळ किती लागतो? ८५ नावं जुळवायला एका माणसाला पावतीपुस्तकासह तास-दीड तास धरा. पण सगळी नावं एकाच दिवशी येत नाहीत. त्यामुळे वर्ग सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी नोंदणी उघडा आणि आदल्या दिवशी दुपारी बंद करा. उशिरा आलेल्यांसाठी रोज एकच वेळ ठेवा, समजा ५ ते ६. वर्ग चालू असताना मंजुऱ्या देत बसलात तर शिकवणं आणि पहारा दोन्ही बिघडतात.

नाव मंजूर केलं की झूम स्वतःहून विद्यार्थ्याच्या ईमेलवर लिंक पाठवतं. खर्च शून्य. मेल दिसत नसेल तर मुलाला जीमेलच्या शोधात `no-reply@zoom.us` टाकायला सांगा, स्पॅममध्येही बघायला सांगा. तरीही नसेल तर बहुतेक वेळा ईमेलच चुकीचा लिहिलेला असतो : gmail च्या जागी gmial, किंवा मधे रिकामी जागा. अशी नोंद रद्द करून नव्यानं करायला लावा.

ज्याला ईमेलच वापरता येत नाही त्याचं काय?

बीडमध्ये हा प्रश्न हमखास येतो. अँड्रॉइड फोन आहे म्हणजे जीमेल खातं बहुधा आहे, पण फोन दुकानदारानं सुरू करून दिलेला असतो आणि खात्याचं नाव घरात कुणालाच ठाऊक नसतं. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोल चिन्हावर बोट लावलं की ईमेल दिसतो. अर्ध्याहून जास्त अडचणी तिथेच मिटतात.

उरलेल्यांसाठी एक आडवाट आहे आणि ती फुकट आहे. जीमेलमध्ये तुमच्या पत्त्यात @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि काहीही लिहिलं तरी मेल तुमच्याच पेटीत येतो. म्हणजे क्लासचा पत्ता समजा असा असेल :

```
maza.class@gmail.com
maza.class+041@gmail.com
maza.class+042@gmail.com
```

तर खालच्या दोन्ही पत्त्यांवरचा मेल वरच्याच पेटीत पडेल, पण झूमच्या दृष्टीनं ते दोन वेगळे विद्यार्थी. हजेरी क्रमांक ४१ ची नोंदणी तुम्हीच करायची, आलेला मेल उघडायचा आणि त्यातली लिंक फक्त त्या मुलाच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर पाठवायची. ग्रुपवर नाही. आधी एका नावावर करून बघा, मगच बाकीची करा. दहा-पंधरा मुलांपुरती ही वाट ठीक आहे. ८५ जणांसाठी केलीत तर एक लिंक भलत्याच मुलाला जाणार हे नक्की, आणि मग कोणाची लिंक फिरली याचा माग लागत नाही.

एसएमएसचा मोह

‘सगळ्यांना एसएमएसनं लिंक पाठवू’ ही कल्पना चांगली वाटते. खर्च बघा. संस्थेच्या नावानं एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार कंपनीच्या डीएलटी मंचावर आधी नोंदणी लागते. पॅन, संस्थेचा नोंदणी दाखला किंवा जीएसटी, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र ही कागदपत्रं द्यावी लागतात. नोंदणी शुल्क बऱ्याच कंपन्यांत ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये. मग मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधला दुवाही आधी नोंदवून घ्यावा लागतो. तो नोंदवलेला नसेल तर मेसेज वाटेतच अडतो.

त्यावर मराठीचा भुर्दंड वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. मेसेज लांबला की तो तुकड्यांत मोजतात, इंग्रजीत १५३ चा एक तुकडा आणि देवनागरीत ६७ चा. स्वतंत्र लिंक खूप लांब असते. ती १८० अक्षरांची धरली आणि मजकूर ८० अक्षरांचा, तर एकूण २६०. इंग्रजीत दोन मेसेजचे पैसे, मराठीत चारचे. मजकुरात एकच शब्द देवनागरीत असला तरी पूर्ण मेसेज देवनागरीच्या मापानं मोजला जातो. हे एसएमएस विकणारा आधी सांगत नाही, बिलात दिसतं. ८५ विद्यार्थ्यांच्या बॅचसाठी या भानगडीत पडू नका. ईमेल आणि उरलेल्यांना वैयक्तिक व्हॉट्सॲप पुरेसं आहे. हजारांत विद्यार्थी असतील तरच डीएलटीचा विचार करा.

लिंक फिरली हे कळतं कसं?

स्वतंत्र लिंक माणूस ओळखत नाही, ती फक्त नोंद ओळखते. मुलानं आपली लिंक मित्राला दिली आणि स्वतः त्या दिवशी आलाच नाही, तर मित्र आरामात बसेल. हे झूम रोखत नाही. एका फोनभोवती खोलीवर पाच जण बसून पाहात असतील तर तेही कुठल्याच लिंकनं थांबत नाही. पण आधी ‘कुणीतरी लिंक फोडली’ एवढंच कळायचं, आता कुणाची फिरली ते कळतं.

त्यासाठी वर्गानंतर Reports मध्ये जाऊन त्या दिवसाची हजेरी उतरवून घ्या. नाव, ईमेल, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ असे रकाने असलेली फाइल मिळते. आठवड्यातून एकदा पाहिली तरी चालेल. दोन गोष्टी शोधा. एकाच ईमेलसमोर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी नावं दिसतात का? आणि एकच ईमेल दर पाच मिनिटांनी आत-बाहेर करतो का? दुसऱ्या खुणेवरून लगेच आरोप करू नका. वस्तीवर, डोंगराकडच्या गावात रेंज गेली तरी अगदी असंच दिसतं. पहिली खूण मात्र बोलकी असते. ती दिसावी म्हणून वर्ग चालू असताना कुणाला स्वतःचं नाव बदलता येणार नाही अशी सेटिंग करून ठेवा.

लिंक फिरली असं पक्कं झालं की नोंदणी यादीत जाऊन त्या एकाच विद्यार्थ्याची नोंदणी रद्द करा. त्याची लिंक मेली, बाकी ८४ जणांना काही करावं लागत नाही. आधीच्या पद्धतीत असं झालं की सगळ्यांना नवी लिंक पाठवावी लागायची आणि ती रात्रीपर्यंत पुन्हा बाहेर. पालकांशी बोलून, समज देऊन, त्याची नव्यानं नोंदणी करता येते.

पुढच्या महिन्याची फी न भरलेल्यांची लिंक चालू राहते हे बहुतेक जण विसरतात. एकदा मंजूर झालेली नोंद ती मालिका संपेपर्यंत जिवंत असते. ८५ तून बारा जण शोधून रद्द करण्यापेक्षा सोपं म्हणजे मालिका एका महिन्याचीच ठेवा. एक तारखेला नवी मीटिंग, नवी नोंदणी, नवी पावती. काम दर महिन्याला एक-दीड तासाचं, पण थकबाकीची यादी आपोआप तयार होते.

मोफत पर्याय चालेल का?

बॅच लहान असेल तर गुगल मीट चालेल, पण त्याची रीत वेगळी आहे. तिथे प्रत्येकाला वेगळी लिंक मिळत नाही. लिंक एकच, पण दारावर गुगल खातं तपासलं जातं. कॅलेंडरमधून ज्या ईमेलना निमंत्रण गेलं ते आत येतात, बाकीच्यांना विनंती करावी लागते आणि ती तुमच्या स्क्रीनवर दिसते. यजमानाच्या सेटिंगमध्ये कोणालाही थेट आत येऊ देणारा पर्याय मात्र बंद हवा. मोफत खात्यात १०० जण आणि तिघे किंवा त्याहून जास्त असले की ६० मिनिटं. दीड तासाचा वर्ग मधेच तुटेल. वीस-तीस मुलांच्या पाऊण तासाच्या बॅचला मीट घ्या आणि प्रोचे पैसे वाचवा, असं माझं मत.

यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ थेट प्रक्षेपण हा उपाय नव्हे. ते फक्त शोधात दिसत नाही. लिंक मिळाली की कुणीही पाहू शकतो.

पतसंस्था, सोसायटीची सभा असेल तर

याच पद्धतीनं सभासदांना वेगळ्या लिंका देता येतात, पण आधी एक फोन करा. तुमच्या प्रकारच्या संस्थेला यंदा ऑनलाइन सभा चालते का, हे बीडच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयातून किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडून लेखी विचारून घ्या. करोनाकाळातल्या परवानगीच्या जोरावर आज सभा घेऊ नका. दुसरं, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे एका सभासदाला एकच मत आणि ते दुसऱ्याकरवी देता येत नाही. सभासदाची लिंक घेऊन पुण्यातला मुलगा सभेला बसला आणि मत दिलं तर हरकत निघू शकते. म्हणून सभेला लिंकसोबत प्रतीक्षाकक्षही चालू ठेवा, चेहरा दाखवून, सभासद क्रमांक विचारून एकेकाला आत घ्या आणि त्यासाठी दोन माणसं बसवा. क्लासला एवढं करायची गरज नाही.

तरीही कुणी घुसून गोंधळ घातलाच तर

डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी अश्लील चित्रफीत दाखवली आणि न्यायालयाला व्हिडिओ सुनावणी काही काळ थांबवावी लागली. तुमच्या वर्गात अल्पवयीन मुलं आहेत, त्यामुळे तयारी आधीच असू द्या. स्क्रीन शेअर करण्याचा अधिकार फक्त तुमच्याकडे ठेवा. झूममध्ये यजमानाच्या साधनांत Suspend Participant Activities असं बटण आहे. ते दाबलं की सगळ्यांचा आवाज, व्हिडिओ, शेअरिंग, चॅट एकदम बंद होतं. ते कुठे आहे हे वर्ग सुरू होण्याआधी शोधून ठेवा, गोंधळात सापडत नाही. मग त्या व्यक्तीला बाहेर काढा. काढलेल्याला परत येऊ देणारी सेटिंग मुळात बंदच असते, ती चालू केलेली नाही ना एवढं बघा. स्क्रीनचा फोटो आणि त्या दिवसाची हजेरी फाइल जपून ठेवा आणि तक्रार `cybercrime.gov.in` वर किंवा पोलीस ठाण्यात द्या. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. कुणी तुमच्या क्लासच्या नावानं फी उकळली असेल तर तिथे लगेच फोन करा.

आता शेवटची चाचणी, पाच मिनिटांची. नोंदणीचा दुवा ग्रुपवर टाकण्याआधी घरातल्या अशा माणसाच्या फोनवर उघडा ज्याचा बॅचशी संबंध नाही. त्याचं नाव, त्याचा ईमेल आणि खोटा पावती क्रमांक भरा. ‘मंजुरी बाकी आहे’ अशा अर्थाचा मजकूर दिसला आणि मेलवर लिंक आली नाही, तर दुवा ग्रुपवर टाका. लगेच लिंक हाती आली, तर Approval ची खूण अजून चुकीच्याच जागी आहे. ती बदलेपर्यंत दुवा कुणालाही पाठवू नका.